ढब्बूचं वाक्य

संपादकांनी हस्तलिखित दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं. वीस वर्षं अनुवाद करत होत्या त्या, आणि आता हा कालचा संपादक त्यांना भाषा शिकवणार! कादंबरी मूळ इंग्रजीतली, कॉलेजमधल्या पाच मित्रांची, आणि निम्मी कादंबरी म्हणजे त्यांच्या ग्रुपवरचं चॅट. पहिल्या खर्ड्यात बाईंनी लिहिलं होतं, "मित्रांनो, मी आज अतिशय थकलो आहे." त्यावर संपादकांनी फोन करून विचारलं, "ही पोरं गप्पा मारतायत की निरोप समारंभात बोलतायत?" बाई इरेला पेटल्या. दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी हात सैल सोडून इंग्रजी ओतलं. "फ्रेंड्स, मी आज खूप टायर्ड फील करतोय, मूड टोटली ऑफ आहे."

"आता ती शाम्पूच्या जाहिरातीत काम करतायत असं वाटतं," संपादक म्हणाले. "बाई, तुमच्या घरात कॉलेजातली लेक आहे ना? ती कशी बोलते मित्रांशी?"

"माझ्याशी बोलते ती 'भूक लागली' एवढंच. मित्रांशी काय बोलते ते मला कोण सांगणार?" बाई फणकारल्या.

पण ते सांगणारं यंत्र त्यांच्याच टेबलावर होतं. लेकीने प्रोजेक्ट प्रिंट करायला आईचा लॅपटॉप घेतला होता आणि त्यावर उघडलेलं स्वतःचं चॅट बंद करायला ती विसरली होती. ते पान बंद करायला बोटाची एक टिचकी पुरली असती. बाईंनी ती मारली नाही. भाषेपुरतं बघू, त्यांनी स्वतःला बजावलं. मनाची समजूत घालण्यात तरबेज होत्या त्या.

आणि भाषा तरी काय सुरेख होती! "स्लाइड्सना फॉन्ट नीट दे बावळट, मागच्या वेळी सरांनी इज्जत काढली." "सबमिशनचं काय करायचं, मी तर काहीच केलं नाहीये, मरणार आता." बाई वाचत गेल्या आणि त्यांना हळूहळू उमगत गेलं. कॉलेज, फोन, परीक्षा हे सगळं इंग्रजीतून येत होतं, पण आल्याबरोबर मराठी प्रत्यय लावून घरचं होत होतं. वाक्य पेलणारं क्रियापद मराठीच. शिव्या मराठी, भूक मराठी, आळस मराठी, आईबाबांच्या तक्रारी तर अस्सल मराठी. आणि जिथे काही आतलं बोलायची वेळ येई, तिथे पोरं पटकन इंग्रजीत शिरत. सॉरी यार. मिस यू. मराठीत तेच म्हणायचं तर जीभ अडखळली असती, लाज वाटली असती. बाईंनी दोन्ही खर्ड्यांत नेमकं हेच उलटं केलं होतं.

इथवर वाचून त्या थांबल्या असत्या तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण त्या रोज वाचू लागल्या. लेक कॉलेजला गेली की चहाचा कप घेऊन बसायच्या.

ग्रुपमध्ये एक ढब्बू होता. लेकीचा शाळेपासूनचा मित्र, गोलमटोल, घरी आला की आधी स्वयंपाकघरात शिरून "काकू, काय आहे?" विचारणारा. त्याचा एक मेसेज बाईंना दिसला.

"गाइज एक सांगायचंय, हसू नका. मी रोज कॉलेजला म्हणून निघतो आणि लायब्ररीमागच्या बागेत बसून परत येतो. वर्गाच्या दारापर्यंत जातो, मग पाय उचलतच नाहीत. आय कान्ट. घरी कळलं तर आई खचेल. फक्त तुम्हाला सांगतोय."

खाली कुणीही उपदेश केला नव्हता. लेकीने लिहिलं होतं, "उद्या मी येते, बसू." मग बाकीच्यांनी दिवस वाटून घेतले होते. तेव्हापासून रोज कुणीतरी ढब्बूशेजारी जाऊन बसत होतं.

बाईंनी तो मेसेज हळहळत दोनदा वाचला, हे खरं. पण त्याच क्षणी त्यांच्यातली अनुवादक टुणकन उठून बसली, हेही तितकंच खरं. कादंबरीतला एक मुलगा असंच काहीसं कबूल करतो, आणि ते पान त्यांना काही केल्या जमत नव्हतं. त्यांनी बागेचा बसस्टॉप केला. बाकी ढब्बूचं जसंच्या तसं उतरवलं. संपादकांचा फोन आला तो जवळजवळ ओरडतच. "बाई, हे पान! 'पाय उचलतच नाहीत. आय कान्ट.' मुलगा समोर बसलाय असं वाटतं!"

बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं. आता आठवलं तरी त्यांना स्वतःची शिसारी येते.

प्रकाशकांनी पुस्तकाची जाहिरात म्हणून नेमकं तेच पान आपल्या पेजवर टाकलं. लेकीने ते पाहिलं आणि आईचं नाव दिसताच, न वाचता, कौतुकाने थेट ग्रुपवर पाठवलं. ढब्बूने वाचलं. "तुझ्या आईला दाखवलंस?" एवढंच विचारून तो ग्रुपमधून बाहेर पडला.

लेक रडवेल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात आली. "आई, हे तुला कुठून मिळालं? खरं सांग."

बाईंच्या हातात पोळी लाटायचं लाटणं होतं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. "अगं, सगळी मुलं असंच बोलतात हल्ली," त्या म्हणाल्या. "योगायोग असतो एखादा."

लेकीने विश्वास ठेवला. वाईट ते तिथेच झालं. खोलीत जाऊन ती फोनवर त्याला सांगत होती, "माझी आई असलं करणार नाही रे, शपथ!" पलीकडून फोन बंद झाल्यावरही ती तेच म्हणत राहिली. ते ऐकून बाईंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण त्या पोळ्या लाटत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ढब्बू बागेत नव्हता. त्यानंतरही नाही. रोज घरून निघायचा, कॉलेजला नाही, बागेत नाही, फोन बंद. चौघांनी मिळून त्याला जेमतेम धरून ठेवलं होतं, आणि आता तो कुठे जाऊन बसतो हे कुणालाच माहीत नव्हतं. लेकीने जेवण टाकलं. बाईंनी संपादकांना सांगून ते पान काढायला लावलं. संपादक हळहळले, पण काढलं. त्याने काय होणार होतं? पान पुस्तकातून गेलं, ढब्बूच्या मनातून थोडंच जाणार होतं?

शेवटी लेक चपला घालून त्याला शोधायला निघाली, तेव्हा बाई दारात आडव्या आल्या.

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "तुझं चॅट लॅपटॉपवर उघडं होतं. रोज वाचत होते. त्याचे शब्द मीच चोरले, आणि तुझ्याशी खोटं बोलले. त्याला सांग, दोष माझा आहे, तुझा नाही. हवं तर मी येते, त्याच्या पाया पडते."

लेकीने आईला हाताने बाजूला केलं. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. "नको येऊस," एवढं म्हणून ती जिना उतरून गेली.

बाई फोन पुढ्यात ठेवून बसल्या. दिवे लागायची वेळ झाली तरी त्यांनी दिवा लावला नाही. कितीतरी वेळाने स्क्रीन उजळला.

"ढब्बू सापडला. बोलला माझ्याशी. त्याच्यासोबत त्याच्या घरी जात आहे. मला उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या."

जन्मल्यापासून लेक त्यांना 'अगं आई' म्हणत आली होती, 'तुम्ही' कधीच नाही. बाईंनी मेसेज पुन्हा वाचला. पोर सापडलं होतं, म्हणून त्या आधी रडल्या. मग त्या शेवटच्या वाक्यासाठी रडल्या.