पहिली चार पानं

२००३ साली बी.एस्सी. झाल्यावर मी मंगळवार पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासमध्ये पेपर तपासायचो. मोफत बॅचच्या वीस जागांची यादी लागली आणि उचगावची रुबीना एका गुणाने एकविसावी आली. ती पेपर घेऊनच ऑफिसात शिरली.

प्रश्न असा होता: दोनशे पानांच्या पुस्तकाचे पानक्रमांक छापायला एकूण किती अंक लागतील? उत्तर ४९२. पहिल्या नऊ पानांना नऊ, पुढच्या नव्वद पानांना १८० आणि उरलेल्या १०१ पानांना ३०३. रुबीनाने चारही पर्याय खोडून खाली ४८८ लिहिलं होतं.

"चार अंक गेले कुठं?" मी विचारलं.

"सर, मी बाइंडिंगच्या कामाला जाते. पहिल्या चार पानांवर नाव, पत्ता, प्रस्तावना असतंय. ती पानं मोजत्यात, पण आकडा पाचपासनं छापत्यात."

क्लासचे मालक भाऊसो सर म्हणाले, "हे गणित हाय बाई, छापखाना न्हाय."

रुबीनाने कपाटातून सरांचंच गणिताचं पुस्तक काढलं. पानं बरोबर दोनशे होती. पहिला छापलेला आकडा ५ होता.

"प्रेसवाल्यानं घोळ घातलाय," सर म्हणाले.

"न्हाय सर. सगळी पुस्तकं अशीच असत्यात की."

सरांनी कपाटातली आणखी सहा पुस्तकं उघडून पाहिली. मग तिला एक गुण दिला आणि बॅचमध्ये एकविसावी खुर्ची वाढवली.

सरांच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत 'प्रत्येक पानावर क्रमांक आहे असे समजा' ही सूचना आली. ती तिसऱ्या पानावर छापली होती. त्या पानावर क्रमांक नव्हता.