दुपारचं पाणी

भावनगरच्या आपल्या गच्चीवर केतकीबेन ट्रेमध्ये गव्हाचे जवारे वाढवायची आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना त्यांचा रस द्यायची. यंदा श्रावणात मात्र ट्रेंना आंबूस वास येऊ लागला, मुळांशी राखाडी बुरशी धरली. तिने दाणे विरळ पेरले, ट्रेची भोकं मोकळी केली, पाणी फक्त सकाळी घातलं. तरी वास जाईना.

एका ढगाळ दुपारी ती वर गेली, तर सासरे वजुभाई झारीने पाणी घालत होते.

"बापुजी, हे काय?"

ते स्वप्नात बोलल्यासारखे म्हणाले, "पाणी पडलं की पाती सळसळतात, बेटा. वाटतं, तुझी सासू अजून आहे, शेजारी साडी सावरून बसली."

केतकीच्या तोंडावर आलेला राग विरला. "पाणी साचून मुळं कुजतात, बापुजी. दुपारी ट्रेंपाशी पंखा लावून बसा. पाती वाऱ्यानेही सळसळतात."

तिने कुजलेले ट्रे रिकामे केले, घासले, नवे दाणे पेरले. वजुभाई रोज दुपारी पंख्याशेजारी डोळे मिटून बसू लागले.

वीतभर वाढलेले जवारे त्यांनीच कापले. कोरडे, मुळांच्या जरा वर. मूठ नाकाशी धरून ते हसले. "नुसता हिरवा वास!"