नावापुढची मापं

कोटाची ऑर्डर रद्द केलेली बाई दुकानात येऊन कडाडली, "पैसे परत केलेत, मग कमी का आले?"

माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणजे आमच्या शिवणाच्या दुकानाच्या मालकीण. त्या लगेच शपथा घ्यायला लागल्या. मी म्हटलं, शपथा राहू द्या, आपण पैसे घेतो त्या ॲपच्या अटी वाचू.

"त्या कोण वाचतं गं?"

"कापड न बघता कात्री लावता का तुम्ही?"

शेजारून प्रिंट काढून आणली. मेल्यांनी सगळं एकात एक गुंतवलेलं! शेवटी कात्रीने एकेक कलम सुटं केलं आणि कटिंगच्या टेबलावर तीन ढीग लावले. शुल्क, परतावा, माहिती. पहिल्या दोन ढिगांतच उत्तर मिळालं. आम्ही परत केलेली रक्कम बाईंच्या खात्यात पूर्ण जाते, पण पैसे भरताना ॲपने त्यांच्याकडून वर घेतलेलं शुल्क परत मिळत नाही. बाईंनी स्वतःच्या फोनवरची पावती पाहिली. शुल्क वेगळं दाखवलेलं होतं. त्या ओशाळून गेल्या.

जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. तिसरा ढीग त्या केरात टाकायला निघाल्या, पण मला अर्धवट काम सोसत नाही. मी मोठ्याने वाचलं. संपर्कयादीची परवानगी दिल्यास त्यातली नावं आणि नंबर ॲप साठवणार, जाहिरातींसाठी भागीदार कंपन्यांना देणार. पैसे स्वीकारायला ही परवानगी लागत नाही.

"तुम्ही दिलीत?"

"ॲपने विचारलं, मी हो म्हटलं." जाऊबाईंनी संपर्कयादी उघडून फोन माझ्यापुढे धरला. "नुसती नावं नाहीत गं त्यात."

कागद हरवतात म्हणून त्या मापं नावापुढेच लिहून ठेवत. 'मास्तरीणबाई कंबर ३४' वाचून मला हसू फुटलं. मग खाली दिसलं, 'नर्स, डावीकडे गादी भरायची'. माझं हसू तिथेच विरलं. नर्सबाईंचं छातीचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत नव्हतं. पडद्याआड त्यांनी ते एकट्या जाऊबाईंना सांगितलं होतं.

आम्ही परवानगी काढून घेतली. आधी गेलेली माहिती पुसायला वेगळी विनंती करावी लागते, तीही केली. पण भागीदारांकडे पोचलेल्याचं काय, हे एकाही ढिगात नव्हतं.

"नर्सबाईंना कळायचं नाही," मी म्हणाले. सगळं वाचायचा हट्ट माझाच, आणि लपवायचा सल्लाही माझाच. माझी मलाच लाज वाटली.

"मला कळलंय ना," जाऊबाई म्हणाल्या. बाकीच्या नावांपुढची मापं त्यांनी वहीत उतरवून फोनमधून पुसली. नर्सबाईंच्या नावापुढचं तेवढं ठेवलं.

नर्सबाई ड्रेसच्या ट्रायलला आल्या तेव्हा जाऊबाईंनी पडदा ओढला आणि सगळं सांगितलं. पडद्याखाली नर्सबाईंची पावलं दाराकडे वळली. मशीन थांबवून मी नुसतीच बसून होते.

"पुसलं नाहीये," जाऊबाईंचा आवाज आला. "तुमच्यासमोर पुसायचं होतं."

"द्या इकडे. मीच पुसते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आता माप कशात लिहाल?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुमचं नाही लिहिणार. दर वेळी नव्याने घेईन."

"घ्या मग," त्या म्हणाल्या. पडद्याखालून मला दिसलं, जायला दाराकडे वळलेली त्यांची पावलं पुन्हा आत वळली होती.