खुणा पुसलेली पुस्तिका

सुनेने मंत्राच्या पुस्तिकेसाठी महिनाभर डोळे फोडले होते. सूर उतरतो त्या अक्षराखाली आडवी रेघ, चढतो तिथे डोक्यावर उभी, दीर्घाला लाल ठिपका, नाकात घुमवायच्या अनुस्वाराभोवती गोल. छापखान्यातल्या ऑपरेटरला वाटलं, कॉम्प्युटरनेच चुका दाखवल्यात. त्याने सगळ्या खुणा निगुतीने साफ करून पुस्तिका छापली.

मंत्र शिकवणारे सासरे ती चाळून म्हणाले, "बरं झालं. मंत्र कानाने शिकतात, रेघोट्यांनी नाही."

सुनेचं डोकं सणकलं. वर्ग भरताच तिने प्रत्येकाच्या हातात लाल-निळी पेन्सिल ठेवली. "बाबा, तुम्ही म्हणा. ऐकून खुणा हेच करतील."

मग काय, शिकणाऱ्यांनी कान टवकारले. एकाची रेघ चुकली की शेजारी हटकायचा, आणि सासऱ्यांना ती ओळ पुन्हा म्हणावी लागायची. घसा बसायची वेळ आली.

शेवटी सगळ्यांनी मिळून मंत्र म्हटला. सूर एकत्र उतरला, एकत्र चढला. एकही दीर्घ आखडला नाही, एकही अनुस्वार गिळला गेला नाही. इतकी वर्षं शिकवून असा मंत्र त्या खोलीत कधी घुमला नव्हता.

सासऱ्यांनी एकाची खुणांनी भरलेली पुस्तिका घेऊन चाळली. मग म्हणाले, "पुढची आवृत्ती त्याच ऑपरेटरकडे दे."