करड्या बॅगेचा फोटो

फोटोवाल्या,

आधी काम, मग शिव्या. ताईने शिवलेल्या करड्या बॅगेचा, आतले सात कप्पे दिसणारा, शेजारी पट्टी ठेवलेला फोटो परत पाठव. आज चारच्या आत. ग्रुपवर नको, बायकोला अजून पत्ता नाही.

विकल्या गेलेल्या बॅगेचा फोटो संध्याकाळी दुकानाच्या ग्रुपवरून उडवायचा, हा आपला नियम. काल तू दोन करड्या बॅगा टाकल्यास. साखळीची विकली गेली आणि मी घाईत कप्प्यांची उडवली, तीही ‘सर्वांसाठी’! चोर सोडून संन्याशाला फाशी. ॲडमिन झालो म्हणून अक्कल येते असं नाही. तू, मी, बायको, तिघांच्याही चॅटमधून गेला. फोन भरतो म्हणून फोटो आपोआप साठवणं मी बंद ठेवलंय, त्यामुळे माझ्या गॅलरीतही नाही. तुझ्या गॅलरीत मूळ फोटो असेल, तोच पाठव. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर पट्टीवरचे आकडे पुसट होतात.

नंतर दुकान बंद करताना ती कप्प्यांची बॅगही नर्सबाई घेऊन गेल्या, आणि त्यांच्या मैत्रिणींना तशाच बारा हव्यात. हात मोडल्यापासून सहा महिने ताई मशीनला शिवलेली नाही. कागदी साचेही तिने रागाने फाडले. काल रात्री विचारलं तर कशीबशी म्हणाली, ‘उद्या चारला येते. फोटो दाखव, मग सांगते.’ आज दाखवला नाही तर तिला नाही म्हणायला निमित्तच मिळेल. मला भीती वाटते रे.

एवढं लिहून पाठवलं. फोन केला नव्हता असं नाही, पण काम चालू असलं की हा फोन बंद ठेवतो. एकच टिक आली. दोन वाजले, तीन वाजले, टिक एकटीच. मी गिऱ्हाइकाला पर्सऐवजी पिशवी बांधून दिली. बायको म्हणाली, “तब्येत बरी आहे ना?”

पावणेचारला दुसरी टिक आली आणि लगेच उत्तर.

“शिव्या राहिल्या की! ग्रुपवर आहे म्हणून मीही काल माझ्याकडून उडवला होता. गॅलरीच्या कचरापेटीत महिनाभर पडून राहतो, म्हणून वाचलास. परत आणलाय, घे.”

खाली डॉक्युमेंट. उघडलं, मोठं केलं. पट्टीवरचा मिलिमीटर न मिलिमीटर दिसत होता. माझा जीव भांड्यात पडला. बायकोला सगळं सांगूनही टाकलं. ती पोटभर हसली.

ताई आली. चष्मा लावून तिने एकेक कप्पा बोटांनी मोठा करून पाहिला. मग तिने दुकानातल्या शिलाई मशीनवरचं कापड काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चौथा कप्पा जरा तिरका गेलाय. या वेळी सरळ करते.”