हीरचं कार्ड

दुपारी घर गप्प होतं. बाळ आत्ता कुठे झोपलं होतं, तेवढ्यात आतल्या खोलीत कंपासपेटीचं झाकण टक्कन उघडलं.

मला बघायची गरजच नव्हती. हीरने पॅनकार्ड काढलं होतं. सहा वर्षांची पोर. दुसरी मुलं खडूचे तुकडे जपतात, ही कार्ड जपते. लहान मुलाचं कार्ड, त्यावर फोटो नाही की सही नाही. वर तिचं नाव, खाली तिच्या आईचं, निशिताचं. हीर चार महिन्यांची असताना निशिताने ते स्वतः काढून आणलं होतं. अर्जात विचारतात, कार्डावर बापाचं नाव छापायचं की आईचं? तिने आईचं सांगितलं. वर्षभराने ती गेली. नाव राहिलं.

मी ते नाव रोज बघत होते. हीरला भरवताना, तिची वेणी घालताना. मेलेल्या बाईचा हेवा करू नये, हे मला कळतं. पण ताप आला की पोर माझ्या कुशीत झोपायची आणि उशीखाली ते कार्ड ठेवायची.

त्या दुपारी मी ते मागून घेतलं, कारण जन्मतारीख जुळत नाही असं बँकेचं पत्र आलं होतं. हीरचा जन्म तीन ऑगस्टचा, कार्डावर आठ मार्च. दिवस आणि महिना उलटे पडले होते.

"मासी, परत देशील ना?" तिने विचारलं. मला ती मासी म्हणते, म्हणजे मावशी. लग्नाच्या दिवशी बांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तसं शिकवलं, तेच राहिलं.

"देईन गं. आपण फक्त चूक नीट करायला चाललोय."

घोघा सर्कलजवळ कनुभाईंचं अर्ज भरून देण्याचं दुकान. बाळ कडेवर, हीर हाताला. कनुभाईंनी तोंडातला गाठिया गिळला आणि दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकवला.

"या बेन, बसा. सगळं भरायचं, पण खूण जे चुकलंय त्याच्याच डावीकडच्या चौकोनात करायची. खूण नाही, म्हणजे ते बरोबर. नंबर तोच राहणार."

"म्हणजे खूण केली तेच चुकलेलं?" हीरने टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून विचारलं.

"वा रे, माझ्या वकीलबाई! अगदी तेच."

मी आवाज खाली आणला. "कनुभाई, आईच्या जागी माझं नाव घालता येईल?"

त्यांनी जन्मदाखला उलटसुलट केला. "बेन, दाखल्यावर आहे तेच घालावं लागतं. निशिताबेन." मग माझं तोंड पाहून म्हणाले, "हवं तर आईऐवजी बापाचं नाव छापायला सांगता येतं. तसं खूप लोक करतात."

"अर्ज घरी नेते," मी म्हटलं.

तारखेपुढे मी खूण केली. मग कितीतरी वेळ पेन तसंच धरून बसले. बाळ दूध पिता पिता झोपलं. मी आईवडिलांच्या रकान्यापुढच्या चौकोनातही खूण केली आणि 'वडील' निवडलं. माझं नाही, तर तिचंही नको. एवढंच मनात होतं.

माझ्या नवऱ्याने, भार्गवने, चहा पिता पिता सही केली. पालक म्हणून सही त्याचीच लागत होती. "दाखला, माझं आधार, सगळं जोडलंस ना?" त्याने विचारलं. अर्ज वाचला नाही. वाचला असता तर काय म्हणाला असता, ते मी स्वतःला विचारत नाही.

तीन आठवड्यांनी पोस्टमन आला. मी सही करून पाकीट घेतलं. हीरने ते माझ्या हातातून ओढलं, दातांनी फोडलं. मग जुनं कार्ड आणून दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी मांडली. बोट फिरवत ती एकेक अक्षर जुळवू लागली.

"नंबर सेम. हीर सेम. तारीख नीट झाली!" तिने टाळी वाजवली. बाळाने झोपेत मूठ उघडली, पुन्हा मिटली.

मग तिचं बोट खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं. ती जुन्या कार्डाकडे गेली, परत नव्याकडे आली. पप्पांचं नाव तिने नीट वाचलं. तिला ते वाचता येतं.

"मासी," माझ्याकडे वर बघत तिने विचारलं, "मम्मी पण चुकलेली होती?"