भाषण नको, टेबल द्या

आधी पत्रिका आली, मग फोन आला. आमच्याकडे हीच रीत आहे. नाव आधी छापायचं, विचारायचं नंतर. म्हणजे माणूस छापलेल्या नावाला लाजून येतो. धुळ्याच्या एका संस्थेचा महिला मेळावा होता आणि मोबाइलवर आलेल्या पत्रिकेत मी होते: प्रमुख वक्त्या, श्रीमती दिपमाला पाटील, सावदा. विषय, 'राखेतून फुललेली बाग'. राख म्हणे! केळीला पाणी लागतं बाबांनो.

चार वर्षांपूर्वी आमचे हे रात्री मळ्यात मोटारीचा शॉक लागून गेले. मी बाग मोडली नाही, माल परदेशात पाठवला, एक पुरस्कार मिळाला. तेवढ्यावर मी वक्ता झाले. शाळा, बँक, बचत गट, कुठे म्हणून गेले नाही? घरात शालींचा ढीग पडलाय. ताईबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, त्या शाली येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतात, तरी ढीग उतरत नाही.

पहिल्यांदा बोलले तेव्हा खरंच रडले होते. पुढे पुढे कळायला लागलं, कुठल्या वाक्यानंतर थांबलं की बाया पदर डोळ्याला लावतात. आता मी तिथे बरोबर थांबते. माझी मलाच किळस येते. आणि त्याहून वाईट सांगू? एकटी असताना ह्यांची आठवण काढायला गेले, की हे येतच नाहीत. भाषण येतं. 'माझे पती शूर शेतकरी होते, काळोख्या रात्री एकटे मळ्यात जायचे...' माणूस तर गेलाच, आता आठवणही चालली, आणि तीही माझ्याच तोंडाने. आणखी एक भाषण केलं तर हे माझ्याकडे उरायचे नाहीत, एवढं मला नक्की कळलं होतं.

फोन पुनम नावाच्या मुलीचा होता. संस्थेच्या कॉलेजात शिकवते, कार्यक्रमाची सगळी धावपळ तिच्याच गळ्यात.

"मॅडम, पत्रिका मिळाली ना?"

"मिळाली. तुम्ही आठवण ठेवली, बरं वाटलं. पण पुनम, मी भाषण करणार नाही."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तारीख अडचणीची आहे का?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. कटाई आहे म्हटलं असतं, तर तिने दुसरी तारीख काढली असती आणि मी पुन्हा अडकले असते. म्हणून सरळ सांगितलं. "तारखेचं काही नाही. ह्यांच्या जाण्यावर मी आता स्टेजवर बोलत नाही. कुठेच नाही. तुमच्यावर राग नाही गं, जीव थकलाय."

"मॅडम, नाव छापलंय हो. आमचे अध्यक्ष नानासाहेब मला उभी चिरतील."

तिचा रडवेला आवाज ऐकून माझंही पाणी झालं. पोरीचा काय दोष? "हे बघ," म्हटलं, "नुसतं नाही म्हणून फोन ठेवत नाही मी. दोन गोष्टी देते. सोनगीरच्या सुनिताताई पापडाचा गट चालवतात. बोलायला बसल्या की घड्याळ बंद पडतं. मी आत्ता विचारते, त्या हो म्हणाल्या तरच नंबर देते. आणि मी स्वतः येते, माझ्या खर्चाने. मला मांडवाबाहेर एक टेबल आणि दोन खुर्च्या दे. नवरा गेल्यावर ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लागलं नाही, मीटर अजून मयताच्या नावावर आहे, तिने माझ्याजवळ बसावं. तलाठ्याकडे कुठला अर्ज, कुठले कागद, हरकतीची नोटीस निघते म्हणजे काय, सगळं सांगते. मी त्यातून गेलेय. माईक नको, शाल नको, आणि माझी गोष्ट कोणी सांगायची नाही."

"हे छान आहे, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पण नानांना..."

"नानांना माझ्याकडे पाठव."

तासाभरात अध्यक्ष नानासाहेबांचा फोन. "ताई, दोनच शब्द बोला!" हे दोन शब्द मला पाठ आहेत, ते तासभर चालतात. मी म्हटलं, "नाना, तुमचा मान मोठा. पण माझं नाही म्हणजे नाही. टेबल हवं असेल तर येते, नको असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही." ते जरा घुटमळले, मग म्हणाले, "या तर खरं." सुनिताताईंनी तर मी वाक्य पूर्ण करायच्या आत होकार दिला. ताईबाई सगळं ऐकत होत्या. "शाल गेली व," एवढंच बोलल्या, आणि हसल्या.

मेळाव्याच्या दिवशी पुनमने लिंबाखाली टेबल लावून ठेवलं होतं. जीपा भरभरून बाया आल्या आणि सगळ्या मांडवात गेल्या. मी आपली बसलेय माशा मारत. शेवटी पन्नाशीची एक बाई आली, बेबाबाई. नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं. दिरांनी वारसनोंद परस्पर लावायला घेतलेली, हिचं नाव वगळून. तलाठ्याची नोटीस कालच हाती पडली होती. मी म्हटलं, "मग अजून मुदत आहे. आजच्या आज लेखी हरकत द्या, आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही." पुनमकडून कागद मागवून हरकत लिहायला बसले.

तेवढ्यात कर्ण्यातून नानासाहेबांचा आवाज आला. "आज दिपमालाताई बोलणार नाहीत, पण त्यांची कहाणी मी सांगतो. त्यांचे पती शूर शेतकरी होते. काळोख्या रात्री..."

माझा पेन थांबला. एवढं सांगून! शब्द न् शब्द माझेच होते, थांबायच्या जागासुद्धा. वाटलं, उठावं आणि कर्ण्याची वायर उपटावी. पण समोर बेबाबाईची अर्धी लिहिलेली हरकत होती.

बेबाबाईने कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाई तुम्हनं सांगी ऱ्हायना का व माय?"

"माझंच," मी म्हटलं.

"खरंच शूर व्हता का तुम्हना घरवाला?"

एवढ्या सभा झाल्या, एवढे हार घातले, पण हे कसे होते असं कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर 'शूर' हाच शब्द जिभेवर आला. तो मी गिळला. आणि मग कुठून कोण जाणे, हे आले. डोक्याला मफलर गुंडाळलेले, हातात बॅटरी, दारातच घुटमळत उभे.

"कसले शूर!" मी म्हटलं. "एक नंबरचे भित्रे! अंधारात पाऊल टाकायचे नाहीत. पण वीज रात्रीचीच यायची, मग काय करतील? मला फोन लावायचे आणि मोटार सुरू होईपर्यंत म्हणायचे, दिपे, बोलत राहा. काय बोलू? काहीही बोल. मी अंथरुणात पडल्या पडल्या भाजीचे भाव सांगायची."

बेबाबाईला खुदकन हसू आलं. तिच्या हसण्याने मलाही आलं. आम्ही दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसलो की पुनम मांडवातून धावत आली. "मॅडम, श्श! आत तुमच्या साहेबांसाठी दोन मिनिटं स्तब्धता चाललीय."

आम्ही हसू दाबलं. आत सगळा मांडव उभा होता. बेबाबाईने डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "मंग त्या रातले?"

हे मी कुठल्याच भाषणात सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही.

"त्या रात्री रेंज नव्हती," मी म्हटलं.

बेबाबाईने खुर्ची ओढून माझ्या बाजूला घेतली.